पंधराचं कोडं सुटणार नाही हे दाखवायचं, पण कसं? उलट जोड्या मोजून की साखळ्या मोजून

सोळा घरांचा पट, पंधरा सोंगट्या, एक घर रिकामं. शेजारची सोंगटी रिकाम्या घरात सरकवायची आणि १ ते १५ ओळीनं लावायचे. हा खेळ बहुतेकांनी हाताळलेला असतो. निम्म्या मांडण्यांतून तो सुटतच नाही, हेही बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. प्रश्न त्यापुढचा आहे. समोरची मांडणी 'न सुटणाऱ्या' निम्म्यांत आहे हे सिद्ध करायचं, तर कोणती अचल राशी हाताशी धरायची? म्हणजे कितीही चाली केल्या तरी बदलत नाही अशी कोणती गोष्ट मोजायची?

दोन पद्धती सर्रास वापरल्या जातात. रविवारी आठवी-नववीच्या मुलांना गणितातली कोडी शिकवताना मी दोन्ही वापरल्या आहेत. दोन्ही बरोबर आहेत, हे आधीच सांगतो. तरी हल्ली माझा हात एकीकडेच जातो.

हाताशी ठेवायला एक मांडणी घेऊ. ठिपका म्हणजे रिकामं घर.

```
 ५   १   ४   ३
 २   ६   .   ८
 ९  १०   ७  १२
१३  १४  ११  १५
```

पहिली पद्धत उलट जोड्यांची. रिकामं घर सोडून सोंगट्या पुस्तकासारख्या वाचत जायच्या आणि मोठा आकडा लहान आकड्याच्या आधी आला की ती एक उलट जोडी धरायची. इथे ५ च्या मागे १, ४, ३, २ आहेत, म्हणजे चार जोड्या. ४ च्या मागे ३ आणि २, म्हणजे दोन. ३ च्या मागे २, एक. मग ८, ९ आणि १० यांच्या मागे ७ येतो, तीन. १२, १३ आणि १४ यांच्या मागे ११, आणखी तीन. एकूण १३.

आता चाल केल्यावर काय होतं ते पाहा. सोंगटी आडवी सरकली तर वाचायचा क्रम तोच राहतो. उभी सरकली तर ती क्रमात बरोबर तीन सोंगट्यांवरून उडी मारते. त्या तिघींशी असलेली तिची प्रत्येक जोडी सुलटीची उलटी किंवा उलटीची सुलटी होते, म्हणून एकूण आकडा १ ने किंवा ३ ने बदलतो, म्हणजे नेहमी विषम संख्येनं. त्याच चालीत रिकामं घर एक ओळ वर किंवा खाली जातं. दोन्ही आकड्यांची समविषमता एकदमच पालटते, त्यामुळे 'उलट जोड्या अधिक रिकाम्या घराची ओळ' ही बेरीज सम असेल तर समच राहते, विषम असेल तर विषमच. सुटलेल्या पटावर ती ० + ४, म्हणजे सम. आपल्या मांडणीत १३ + २ = १५, विषम. सुटणार नाही.

या पद्धतीचं मोठं बळ म्हणजे तिला पूर्वतयारी लागत नाही. 'तीन सोंगट्यांवरून उडी' हे वाक्य मुलांना पट हातात धरून दिसतं. संगणकावर लिहायची तर एकात एक अशी दोन आवर्तनं पुरतात. मीही कित्येक वर्षं हीच शिकवत होतो.

दुसरी पद्धत साखळ्यांची. इथे रिकामं घर सोडायचं नाही, त्याला सोळावी सोंगटी मानायचं. घरांनाही ओळीनं १ ते १६ आकडे द्यायचे. मग पाहायचं की पहिल्या घरात कोण? ५. पाचव्या घरात कोण? २. दुसऱ्यात? १. आलो परत, तीन सोंगट्यांची साखळी झाली. तिसऱ्या घरात ४, चौथ्यात ३, ही दोघांची साखळी. सातव्या घरात रिकामं म्हणजे १६, सोळाव्यात १५, पंधराव्यात ११, अकराव्यात ७, ही चौघांची. उरलेले सात जण आपापल्या घरीच आहेत, म्हणजे एकेकट्याच्या सात साखळ्या. एकूण साखळ्या दहा. सोळातून दहा गेले की सहा उरतात, आणि सर्वांना आपापल्या घरी पाठवायला किमान तेवढ्याच अदलाबदली लागतात.

प्रत्येक चाल म्हणजे रिकाम्या घराची आणि एका सोंगटीची अदलाबदल. ते दोघं एकाच साखळीत असतील तर साखळी तुटून दोन होतात, वेगवेगळ्या साखळ्यांत असतील तर दोन जुळून एक होते. म्हणजे साखळ्यांची संख्या नेमकी एकानं बदलते, कधीच दोनानं नाही. दुसरीकडे पट बुद्धिबळासारखा काळापांढरा रंगवला असं समजा, तर प्रत्येक चालीत रिकामं घर आपला रंग बदलतं. दोन्ही गोष्टी चालीगणिक एकदम पालटतात, म्हणून त्यांची जोडी मोडत नाही. आपल्या मांडणीत अदलाबदली सहा, सम. रिकामं घर मात्र आपल्या मूळ कोपऱ्यापासून दोन ओळी आणि एक स्तंभ दूर, म्हणजे तीन पावलं, विषम. जुळत नाही. उत्तर तेच.

मग निवड करायचीच कशाला? माझ्यापुरतं कारण अगदी क्षुल्लक वाटेल. ओळ वरून मोजायची की खालून?

माझ्या जुन्या वहीत नियम लिहिलेला होता, 'उलट जोड्या + ओळ = सम, तर सुटेल'. कुठून मोजायचं ते लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिताना ते मला माहीत होतं. वर्षभरानं वही उघडली आणि ओळ खालून मोजली. चार ओळींच्या पटावर वरून दुसरी ओळ ही खालून तिसरी असते, वरून पहिली खालून चौथी. दोन्हींची बेरीज कायम पाच, म्हणजे एक सम असेल तर दुसरी विषमच. त्यामुळे चूक कधीमधी होत नाही, दर वेळी हमखास होते. मी फळ्यासमोर उभा राहून एका मांडणीला 'ही जन्मात सुटणार नाही' म्हणालो, अगदी सिद्धतेसकट. चहा घेऊन परत आलो तर आठवीतल्या एका मुलीनं ती सोडवून टेबलावर ठेवली होती. बिचारी काही बोलली नाही, फक्त पट माझ्याकडे वळवला.

यावर कुणी म्हणेल, वहीत 'वरून' असं लिहून ठेव, झालं. लिहिलं. पण मग तीन बाय तीनचा पट आला. तिथे उभी सरकणारी सोंगटी दोघींवरून उडी मारते, आकडा सम संख्येनं बदलतो किंवा बदलतच नाही, आणि ओळ मिळवायचीच नसते. मग चार स्तंभ आणि तीन ओळींचा पट आला. तिथे ओळ मिळवायची, पण सुटलेल्या पटाची बेरीज ० + ३, म्हणून आता 'विषम' हवं. एकाच राशीचे नियम पटागणिक बदलत गेले. दोन्ही मांडण्यांची बेरीज दर वेळी काढून तुलना केली तर यातला बराच त्रास जातो, हे मान्य. तरी उडी सम की विषम हे तपासायचं उरतंच.

साखळ्यांच्या पद्धतीत यातलं काही आठवावं लागत नाही. रिकामं घर किती पावलं हललं एवढंच विचारायचं, मग पट तीन बाय तीन असो, चार बाय तीन असो की एक कोपरा कापलेला. संगणकाचे पुष्कळ प्रोग्राम रिकामं घर शेवटी न ठेवता पहिल्या घरात ठेवतात आणि १ ते १५ पुढे सरकवतात. नेहमीच्या मांडणीतून तिथे जाता येईल का? सोळाही जण एकाच लांब साखळीत गुंफले जातात, म्हणजे पंधरा अदलाबदली, विषम. रिकामं घर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, सहा पावलं, सम. नाही जाता येणार. तीन बाय तीनवर तीच साखळी नऊ जणांची, आठ अदलाबदली, चार पावलं. तिथे जाता येतं. एकच वाक्य दोन्हीकडे चाललं.

आणखी एक सोय मला नंतर कळली. उलट जोड्या मोजताना १०५ जोड्या नजरेखालून जातात आणि एक जरी निसटली तरी उत्तर फिरतं. चुकलं आहे हे सांगणारं काही नसतं. साखळ्यांमध्ये लांब्यांची बेरीज सोळा यायलाच हवी. वर ३ + २ + ४ + ७ = १६ आली. एखादी सोंगटी राहिली तर तिथेच कळतं. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला हे फार बरं पडतं.

दोन्ही राशींची मर्यादा मात्र सारखीच. त्या 'पोचता येणार नाही' एवढंच सिद्ध करतात. समविषमता जुळली म्हणजे पोचता येतंच, ही वेगळी सिद्धता आहे. जॉन्सन आणि स्टोरी या गणितज्ञांनी १८७९ मध्ये हे काम वाटून घेतल्यासारखं केलं, जॉन्सन यांनी अशक्य बाजू दाखवली आणि स्टोरी यांनी शक्य. पुढं अमेरिकेतले कोडीकार सॅम लॉइड यांनी १४ आणि १५ ची अदलाबदल सोडवणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं ते बिनघोर. एक अदलाबदल आणि रिकामं घर जागच्या जागी, त्यांचा खिसा हलका व्हायची शक्यताच नव्हती. (कोडं आपणच शोधलं हा लॉइड यांचा दावा मात्र खोटा. ते न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनस्टोटा गावचे पोस्टमास्तर नॉइस चॅपमन यांचं.)

दोन सारख्या सोंगट्या असल्या, म्हणजे अक्षरांच्या पटावर 'र' दोनदा आला, की दोन्ही पद्धती हात टेकतात. त्या दोघांची नावं आपल्या मनात बदलली की समविषमता पालटते, म्हणून चौकोनी पटावर अशी कोणतीही मांडणी सुटतेच. आणि घरांची रचना अशी असली की रिकामं घर विषम चालींत फिरून परत येऊ शकतं, तर काळापांढरा रंगच देता येत नाही. सहा घरांचं कडं घ्या आणि समोरासमोरची दोन घरं मधल्या सातव्या घरानं जोडा. मध्यातून फेरा मारला तर पाच चाली होतात, समविषमतेची आडकाठी उरत नाही. सहा सोंगट्यांच्या ७२० मांडण्या सगळ्या मिळाव्यात असं वाटतं. गणितज्ञ रिचर्ड विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की मिळतात फक्त १२०. तिथे अडवणारी गोष्ट समविषमता नाहीच, आणि माझी लाडकी पद्धत तिथे उलट जोड्यांइतकीच आंधळी आहे.

तेव्हा एकाच आकाराचा पट असेल, प्रोग्राम लिहायचा असेल किंवा मुलं लहान असतील, तर उलट जोड्या घ्यायला माझी हरकत नाही. पटाचा आकार बदलत असेल किंवा चारचौघांसमोर फळ्यावर उत्तर द्यायचं असेल, तर साखळ्या बघा असं सुचवेन. जुनी वही अजून आहे. त्या पानावर लाल शाईनं 'वरून' लिहिलंय, त्याखाली 'स्तंभ सम असतील तरच', आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात, 'ओळी तीन असतील तर विषम'.