ईडीएलआय की त्याबदली ग्रुप पॉलिसी? छोट्या कारखान्यासाठी तुलना

पीएफ लागू असलेल्या कारखान्यापुढे कामगारांच्या विम्यासाठी दोन वाटा असतात. एक म्हणजे पीएफबरोबर आपसूक येणारी १९७६ ची ईडीएलआय, म्हणजे नोकरीत असताना कामगार वारला तर घरच्यांना पैसे देणारी सरकारी विमा योजना. दुसरी, पीएफ कार्यालयाकडून सूट घेऊन एलआयसीची किंवा दुसऱ्या कंपनीची ग्रुप पॉलिसी. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये काही वर्षं पॉलिसी होती. आता आम्ही ईडीएलआयमध्ये आहोत, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपत नाही.

खर्चावरून ठरवू नका. ईडीएलआयसाठी मालक अर्धा टक्का भरतो आणि पगार १५,००० पर्यंतच धरला जातो, म्हणजे माणशी महिन्याला जास्तीत जास्त ७५ रुपये. तरुण पोरं जास्त असतील तर पॉलिसी थोडी स्वस्त पडते, पण त्या फरकात महिन्याचा चहासुद्धा भागत नाही.

रकमेत मात्र पॉलिसी उजवी, हे मान्य करायला हवं. ईडीएलआयमध्ये गेल्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, अधिक पीएफच्या सरासरी शिल्लकीच्या निम्मे मिळतात. या निम्म्या भागाला १,७५,००० ची मर्यादा आहे, एकूण मर्यादा ७ लाख. समजा, १२,००० वर पीएफ कापला जाणारा वेल्डर सव्वा वर्षाच्या नोकरीनंतर वारला आणि त्याची सरासरी शिल्लक १६,००० होती. पगाराचे ४,२०,००० आणि शिल्लकीचे ८,००० मिळून घरच्यांना ४,२८,००० मिळतील. पॉलिसीत सगळ्यांना सरसकट सात लाखांच्या वरचं कव्हर ठेवता येतं. शिवाय सलग बारा महिने झाले नसतील तर ईडीएलआयची ३५ पट लागूच होत नाही. तिथे हिशेब शिल्लकीवर येतो आणि ती नव्या माणसाची कितीशी असणार? २०२५ पासून किमान ५०,००० मिळतात, एवढंच.

मग पॉलिसी का सोडली? यादीपायी. पॉलिसीत कोण सभासद आहे हे मालकाने पाठवलेल्या यादीवरून ठरतं. आमच्याकडे माणसं सतत येतात-जातात. एकदा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लागलेला हेल्पर घरी जाताना द्वारका चौकात गाडीखाली आला. वाचला, पण तो आयसीयूत असताना मी विमा कंपनीला विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘त्यांचं नाव पुढच्या यादीत येईल ना, साहेब.’ कंपनीचं चुकलं असं नाही, करारच तसा होता. पण कामावर लागल्याची तारीख आणि कव्हर सुरू झाल्याची तारीख वेगळी असू शकते, हे मला नंतर कधी पचलं नाही. ईडीएलआयमध्ये पीएफचा सभासद झाला की तो विम्यात आला. पीएफचं मासिक विवरण, म्हणजे ईसीआर, दरमहा भरायचाच असतो, वेगळी यादी नाही.

क्लेमचं म्हणाल तर पॉलिसीत घरच्यांना धावपळ कमी. कागद कंपनीला आपणच पाठवतो, बाई मृत्यूचा दाखला आणि बँकेचा तपशील देऊन मोकळ्या होतात. पण पीएफ आणि पेन्शनसाठी त्यांना पीएफ कार्यालयाकडे जावंच लागतं. ईडीएलआय असली की एकाच एकत्रित फॉर्मवर पीएफ, पेन्शन आणि विमा तिन्ही मागता येतात.

हे आम्ही एकदा केलं आहे. आमचा एक वेल्डर रात्री घरी झोपेत गेला. कामावर मृत्यू व्हावा लागत नाही, नोकरीत असणं पुरतं. आम्ही पोर्टलवर नोकरी संपल्याची तारीख टाकली आणि कारण ‘मृत्यू’ असंच निवडलं. तिथे दुसरं कारण पडलं तर क्लेम अडकतो आणि दुरुस्तीत वेळ जातो. मग वहिनींचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, रद्द केलेला चेक, आमची सही-शिक्का. अडलं ते नॉमिनेशनपाशी. त्याने लग्नाआधी आईचं नाव लावलं होतं आणि पीएफच्या नियमात लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द ठरतं. नव्याने लावलेलं नसल्यामुळे पत्नी, लहान मुलगी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई यांच्यात समान वाटे झाले. वाटणी रास्तच होती, पण तिघींचे कागद जमवताना आधारवरच्या नावातल्या एका अक्षरानेही दमवलं. आता लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पोराला आमची अकाउंट्सवाली मुलगी आधी सांगते, ‘दादा, लग्न झालं की वहिनींचं आधार आणि फोटो घेऊन या.’ ई-नॉमिनेशन झालेलं असेल तर वारसाला ऑनलाइनही क्लेम करता येतो.

तुमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं टिकत असतील आणि एचआरला वेगळा माणूस असेल तर पॉलिसी घ्या, मी आडवा येणार नाही. ईडीएलआय न सोडता वरून छोटी ग्रुप पॉलिसी घेणं मला त्याहून बरं वाटतं, पहिल्या वर्षाची उणीव तेवढ्याने भरून निघते. कुठलीही घेतलीत तरी एजंटला एवढं विचारा, की चार तारखेला लागलेला माणूस दहा तारखेला गेला तर पैसे मिळतील का. उत्तर लेखी घ्या.