नुसता तासाचा दर की सवलतीची मिनिटे आणि दिवसाची कमाल मर्यादा? बाजाराजवळच्या छोट्या पार्किंगचा हिशोब

गाडी ११:०५ ला आत आली आणि १२:०९ ला बाहेर पडते आहे. म्हणजे ६४ मिनिटे झाली. पाटीवर लिहिले आहे, ‘तासाला १०’. गेटवरचा माणूस २० मागतो. चालक म्हणतो, चार मिनिटांचे १० कसले? मागे पाच गाड्या हॉर्न वाजवत उभ्या राहतात. ज्याची पंचवीस-तीस गाड्यांची जागा आहे आणि आत-बाहेर जायला एकच गेट आहे, त्याच्यासाठी दर ठरवणे म्हणजे आधी हे भांडण कसे सोडवायचे ते ठरवणे.

यापुढे तासाचा दर १० धरला आहे. चलन कोणतेही असो, हिशोब बदलत नाही. जागा २४ गाड्यांची, बाजार सकाळी १० ते रात्री ९. दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवू. पहिलीत नुसता तासाचा दर: एक मिनिट वर गेले की पुढचा तास लागला, आणि रकमेला कमाल मर्यादा नाही. दुसरीत तासाचा दर तोच, पण दर तासाच्या शेवटी १० मिनिटे सवलत, आणि २४ तासांत जास्तीत जास्त ६०. शिवाय आत येऊन जागा न मिळाल्याने ५ मिनिटांत परत फिरलेल्या गाडीला काहीच नाही.

| गाडी किती वेळ थांबली | पहिली पद्धत | दुसरी पद्धत |
|---|---|---|
| ४ मिनिटे, जागा नाही म्हणून परत | १० | ० |
| १ तास ४ मिनिटे | २० | १० |
| २ तास ४० मिनिटे | ३० | ३० |
| ११ तास | ११० | ६० |
| २४ तास ८ मिनिटे | २५० | ६० |

मधली ओळ मुद्दाम ठेवली आहे. बाजारात येणाऱ्या बहुतेक गाड्यांना दोन्ही पद्धतींत सारखेच पैसे पडतात. फरक पडतो तो कडेच्या गाड्यांमध्ये, आणि गेटवरचे वाद त्यांच्यावरूनच होतात.

सवलतीच्या मिनिटांबद्दल मालकांच्या मनात हमखास एक गोंधळ असतो. कोणी म्हणतो, ‘पहिली १० मिनिटे मोजायचीच नाहीत.’ कोणी म्हणतो, ‘तास संपल्यावर १० मिनिटे जास्त झाली तरी चालतील.’ या दोन वेगळ्या योजना वाटतात, पण कागदावर मांडून पाहा. ६४ मिनिटांतून पहिली १० वजा केली तर ५४ उरतात, म्हणजे एक तास. तास संपल्यावर ४ मिनिटे माफ केली तरी एकच तास. २ तास ५ मिनिटांचेही तसेच, दोन्हीकडून दोन तास. फरक फक्त १० मिनिटांच्या आत बाहेर पडणाऱ्या गाडीत आहे: पहिल्या योजनेत तिला काहीच द्यावे लागत नाही, दुसरीत एका तासाचे द्यावे लागतात.

तिसरा अर्थही लोक काढतात आणि तो मात्र खरोखर वेगळा आहे: १० मिनिटांच्या आत गेलात तर मोफत, पण त्याहून जास्त थांबलात तर मोजणी आत आल्या क्षणापासून. या अर्थाने ६४ मिनिटांचे पुन्हा दोन तास होतात आणि भांडण होते तिथेच राहते. म्हणून पाटीवर नुसते ‘१० मिनिटे सवलत’ लिहू नये. ‘प्रत्येक तासानंतर १० मिनिटांपर्यंत जादा वेळेचे पैसे नाहीत’ असे पूर्ण वाक्य लिहावे.

बाजाराजवळ पहिली १० मिनिटे सगळ्यांना मोफत देणे मला योग्य वाटत नाही. सामान घेऊन पळणारे, कोणाला तरी सोडायला आलेले असे लोक दिवसभर आत-बाहेर करत राहतात. जागा ते थोडीच अडवतात, पण गेट अडवतात. जागा नाही म्हणून परत फिरणाऱ्याकडून पैसे घेणे मात्र अन्यायाचे आहे. एक फेरी मारून बाहेर पडायला ५ मिनिटे पुरतात, तेवढीच मोफत ठेवावीत.

तासाच्या शेवटची सवलत १० मिनिटांचीच का? ही संख्या मनाने ठरवू नये, मोजून ठरवावी. गर्दीच्या वेळी सगळ्यात आतल्या कोपऱ्यातली गाडी काढून गेटपर्यंत यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा. समजा ३ मिनिटे लागली. गेटवर सहा गाड्या पुढे असतील आणि प्रत्येकीला पैसे देऊन निघायला ४० सेकंद लागत असतील, तर आणखी ४ मिनिटे. म्हणजे वेळेत गाडीजवळ पोहोचलेल्या माणसाचीही ७ मिनिटे तुमच्या आवारातच जातात. ती त्याच्या नावावर टाकता येत नाहीत. त्यात थोडी भर घालून १०. तुमच्याकडे हा वेळ ३ मिनिटांचाच असेल तर ५ मिनिटांची सवलत पुरे.

आता ही सवलत किती महाग पडते? गाड्यांचा थांबण्याचा वेळ तासाच्या साठही मिनिटांत साधारण सारखा विखुरलेला धरला, तर सहातली एक गाडी त्या १० मिनिटांत सापडते आणि एका तासाचे पैसे कमी देते. दिवसाला १०० गाड्या येतात, सरासरी २ तास थांबतात. पुढचा तास पूर्ण धरण्याच्या नियमामुळे पहिल्या पद्धतीत त्या सरासरी अडीच तासांचे पैसे देतात. एकूण २,५०० जमा होतात. दुसऱ्या पद्धतीत यातले साधारण १६५ कमी होतात, म्हणजे शंभरातले साडेसहा. ५ मिनिटांच्या सवलतीत तूट याच्या निम्मी. ही रक्कम किरकोळ नाही आणि मी ती किरकोळ म्हणणारही नाही. पण पहिल्या पद्धतीत रोज सोळा-सतरा गाड्या अशा असतात की ज्यांचे चालक १० मिनिटांच्या आतल्या जादा वेळेसाठी पूर्ण तासाचे पैसे देतात. त्यातल्या निम्म्यांनी तीन-तीन मिनिटे वाद घातला तरी एकमेव गेट पंचवीसेक मिनिटे अडते, आणि ते नेमके बाहेर रांग लागलेली असतानाच.

तासाऐवजी अर्ध्या तासाला ५ घ्यावेत असाही एक मार्ग सुचवला जातो. ६४ मिनिटांचे मग १५ होतात. वादातली रक्कम निम्मी होते हे खरे, पण वादाच्या सीमारेषा दुप्पट होतात आणि सुट्या पैशांची कटकट वाढते. हाताने पावती फाडणाऱ्या छोट्या पार्किंगला मी हा मार्ग सुचवणार नाही.

सवलत जाहीर करावी की मनात ठेवावी? जाहीर केली की लोक ७१ व्या मिनिटाला वाद घालतात, ही मालकांची तक्रार खरी आहे. पण मनात ठेवलेली सवलत गेटवरच्या माणसाच्या मर्जीवर जाते. ओळखीच्याला मिळते, अनोळख्याला मिळत नाही, आणि संध्याकाळी हिशोब जुळत नाही. त्यापेक्षा पाटीवर लिहिलेली बरी. आत येताना आणि बाहेर जाताना वेळ मात्र एकाच घड्याळाची लिहावी. दोन माणसांचे दोन मोबाइल सहसा सारखीच वेळ दाखवतात, पण भिंतीवरच्या घड्याळात आणि मोबाइलमध्ये तीन मिनिटांचा फरक असेल, तर सवलतीचा तिसरा हिस्सा तिथेच संपतो.

दिवसाच्या कमाल मर्यादेचा प्रश्न वेगळा आहे. ती कोणासाठी असते? दुकानदार, त्यांची माणसे, दिवसभराच्या कामाला आलेले लोक, यांच्यासाठी. मर्यादा नसेल तर ११ तासांचे ११० भरून ते दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मर्यादा फार खाली ठेवली, समजा ३०, तर सकाळी साडेनऊलाच तुमची जागा त्यांनी भरून जाते आणि खरेदीला आलेला माणूस दारातून परत जातो. मग आकडा कुठे ठेवायचा?

अनेक मालक महिन्याच्या जमेला जागांनी आणि दिवसांनी भागून सरासरी काढतात. त्यातून फसगत होते, कारण रिकाम्या जागेवर दिवसभराची गाडी उभी राहिली तर तुमचे काहीच जात नाही. नुकसान होते ते फक्त जागा पूर्ण भरलेली असते त्या तासांत. म्हणून आठवडाभर दर अर्ध्या तासाला एवढेच लिहून ठेवा: ‘जागा नाही’ म्हणून कोणाला परत पाठवावे लागते आहे का? समजा संध्याकाळी ५ ते ९ असे चार तास तसे होते. कमी वेळ थांबणाऱ्या गाड्या सवलत धरूनही दोन तास थांबून सरासरी सव्वादोन तासांहून थोडे जास्त भरतात, म्हणजे भरलेल्या वेळेत एक जागा तासाला साधारण १२ मिळवते. चार तासांचे ४८. दिवसभराची गाडी तेवढेच बुडवते. ६० ची मर्यादा त्यावर आहे, म्हणून ती फायद्याची.

तीच जागा दिवसातले आठ तास भरलेली राहत असेल तर प्रत्येक दिवसभराची गाडी साधारण ९५ बुडवते आणि ६० देते. अशा ठिकाणी एकतर मर्यादा ९५ च्या वर न्यावी, किंवा आतल्या अडचणीच्या चार-पाच जागाच दिवसभराच्या गाड्यांना द्याव्यात. सणासुदीच्या आठवड्यात बाजाराची गर्दी बदलते, तेव्हा हे मोजमाप पुन्हा करावे लागते.

मर्यादेतला ‘दिवस’ म्हणजे काय, हे पावतीवर छापा. मध्यरात्रीला दिवस बदलला असे धरले, तर संध्याकाळी ६ ला आलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला गेलेली गाडी आदल्या दिवसाचे सहा तास म्हणजे ६० आणि नव्या दिवसाचे आणखी ६०, असे १२० भरते. आत आल्यापासून २४ तास धरले तर तीच गाडी १६ तासांचे ६० भरते. चालकाला दुसरी मोजणी लगेच पटते. रात्री गेट बंद करणाऱ्याने मात्र रात्रभरच्या गाडीचा दर वेगळाच ठेवावा आणि गेट कधी बंद होते तेही लिहावे.

मोबाइलवर किंवा संगणकावर हिशोब करत असाल, तर एक चूक तपासून घ्या. एकूण तास गुणिले १०, आणि ६० च्या वर गेले तर ६०, एवढेच सूत्र घातलेले असेल तर तीन दिवस उभी असलेली गाडीसुद्धा ६० देऊन निघते. मर्यादा प्रत्येक २४ तासांना वेगळी लागली पाहिजे. चाचणीसाठी २५ तास ५ मिनिटांची गाडी घालून पाहा. पहिल्या २४ तासांचे ६०, वरच्या एका तासाचे १०, शेवटची ५ मिनिटे सवलतीत, एकूण ७०. ६० किंवा ८० आले तर सूत्र चुकले आहे.

पावती हरवली असे सांगणाऱ्याकडून बहुतेक ठिकाणी एका दिवसाची कमाल रक्कम घेतात. दोन-तीन दिवस थांबलेल्याला मग पावती हरवणेच परवडते. त्यासाठी आत येताना गाडीचा क्रमांक वहीत लिहावा आणि रात्री गेट लावताना आत उरलेल्या गाड्यांची एक ओळ त्याच वहीत उतरवावी.