परिभाषासंग्रहाचं दोन रकान्यांचं पान: काही महिने वापरल्यावर

भाषांतराच्या कामासाठी मांडणी करून छापून घेतलेला परिभाषासंग्रह गेले काही महिने टेबलावर रोज उघडला जातोय. ए-४ कागद, दोन रकाने, नोटो सेरिफ देवनागरी, मजकूर ९ पॉइंट, ओळींची उंची १३ पॉइंट.

शब्द पटकन सापडतो तो ठळक अक्षरांपेक्षा उलट्या इंडेंटमुळे. मूळ शब्द रकान्याच्या कडेला आणि अर्थाच्या पुढच्या ओळी ३ मिमी आत. देवनागरीत शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळ मुळातच पट्टीसारखी दिसते, त्यामुळे नुसता ठळक शब्द गर्दीत हरवतो. डोळा कड धरून खाली उतरतो. अनुक्रम, अनुदान, अनुबंध, अनुमती हे शब्द त्या कडेवर एकाखाली एक आले की फरकाचं अक्षर जवळपास एकाच उभ्या रेषेत येतं, आणि वाचायच्या आधीच हवा तो शब्द दिसतो.

ठळकपणा ६०० वजनाचा ठेवलाय, ७०० चा नाही. एवढ्या लहान आकारात ७०० लावलं की ‘ष’ आणि ‘क्ष’मधल्या पोकळ्या बुजायला लागतात, ‘उद्ध्वस्त’ तर लेझर प्रिंटवर डागच दिसतो. याहून वाईट प्रकार म्हणजे खोटा बोल्ड. फॉन्टला ठळक वजनच नसेल तर सॉफ्टवेअर साध्या अक्षराच्याच कडा जाड करतं. पान एचटीएमएलमधून बनवत असाल तर हे तपासायला एक ओळ पुरते:

```css
dt { font-weight: 600; font-synthesis: none; }
```

यानंतर शब्द साधे दिसू लागले, तर आधीचा बोल्ड खोटा होता.

ओळींची उंची ११ पॉइंट करून पानं वाचवायचा मोह होतोच. चाचणी पानावर वरच्या ओळीतला ‘द्धू’ खालच्या ओळीतल्या ‘र्मीं’वर टेकला आणि अनुस्वार दिसेनासा झाला. कोशात ‘आबा’ आणि ‘आंबा’ यांच्यात तेवढाच टिंब असतो, म्हणून १३ वर ठाम राहा.

तक्रारही आहे. अर्थांचे १, २, ३ हे आकडेसुद्धा ठळक छापलेत. चार-पाच अर्थांची नोंद आली की नजर उगाच आकड्यांवर अडखळते. ठळक अक्षर फक्त मूळ शब्दाला हवं. ‘ना.’, ‘क्रि.’ या खुणा मात्र साध्या वजनात, किंचित लहान आहेत, तिरप्या नाहीत, ते बरं केलं.

मजकूर डावीकडे जुळवलेला आहे, उजवी कड मोकळी. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवल्या की ‘विकेंद्रीकरणाच्या’सारखा शब्द पुढच्या ओळीत जातो आणि मागे उरलेल्या तीन शब्दांमध्ये भगदाडं पडतात, कारण बहुतेक सॉफ्टवेअर मराठी शब्द आपणहून तोडत नाहीत. याच कारणाने तीन रकाने करायचा विचार असेल तर आधी सगळ्यात लांब शब्दांचं एक पान छापून बघा.