व्हिडिओ कॉलवर संशोधनाच्या मुलाखती: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घरी आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांशी बोलणं हा माझ्या अभ्यासाचा विषय. या लोकांना तासभर घर सोडून येणं जमत नाही, म्हणून जवळपास सगळ्या मुलाखती मी झूमवर घेते. आता हाताला सवय झाली आहे. सोय म्हणून हा प्रकार उत्तम आहे. मात्र यात चेहरा दिसतो हे आपल्याला वाटतं तितकं महत्त्वाचं नाही. मुलाखत टिकते ती आवाजावर, आणि संमती कशी घेतली यावर.

आधी आवाज. समोरासमोर बसून ऐकताना आपण मध्येमध्ये 'हं', 'अच्छा', 'बरोबर' म्हणत राहतो. कॉलवर तीच सवय घात करते. माझा आवाज त्यांच्या स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा त्यांच्याच माइकमध्ये शिरू नये, म्हणून सॉफ्टवेअर तो दाबून टाकतं. दोघं एकाच वेळी बोललो की माझ्या 'हं'बरोबर त्यांचा शब्दही दबला जातो. मराठीत 'नाही' बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, आणि आपला 'हं' नेमका तिथेच पडतो. 'रात्री मी त्यांना एकटं सोडत' एवढंच रेकॉर्डिंगमध्ये उरतं आणि पुढचं गायब होतं. 'नाही' होतं की 'होते', हे शब्दांकन करताना कसं ठरवणार? म्हणून मी आता फक्त मान हलवते. सहभागी व्यक्तीने इअरफोन लावले तर आवाज माइकमध्ये परत जायला वाटच उरत नाही आणि हा त्रास बराच कमी होतो. साधा वायरचा इअरफोनही पुरतो.

झूमच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये प्रत्येक सहभागीची वेगळी ऑडिओ फाइल ठेवण्याची सोय आहे. संगणकावर रेकॉर्ड करताना ती चालू ठेवावी. दोन आवाज एकमेकांवर आले तर वेगवेगळे ऐकता येतात. पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. जो शब्द त्यांच्याच बाजूला दबला किंवा वाटेत नेटमध्ये हरवला, तो माझ्या संगणकापर्यंत पोचलेलाच नसतो, त्यामुळे तो कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही. त्यांना त्यांच्या फोनवर रेकॉर्ड करायला सांगावं असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. इतकं खाजगी बोलणं घरातल्या फोनवर पडून राहणं धोक्याचं. त्यापेक्षा शंका आली की लगेच विचारावं: 'सोडत नाही म्हणालात ना?'

नेट ढासळू लागल्याची खूण कानाला आधी कळते. आवाज क्षणभर थांबतो आणि मग घाईघाईने पळतो, कारण मागे अडकलेला भाग एकदम वाजवला जातो. असं दोनदा झालं की मी दोन्हीकडचे कॅमेरे बंद करायला सांगते. व्हिडिओला आवाजाच्या कैक पट डेटा लागतो, त्यामुळे बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आता सूर जुळण्याबद्दल. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद जातात. दहा भाषांच्या तुलनेतून २००९ मध्ये हे दिसून आलं. कॉलवर आवाज पोचायलाच जवळपास तेवढा वेळ लागू शकतो, तोही जाताना वेगळा आणि येताना वेगळा. परिणामी समोरची व्यक्ती नुसती श्वास घ्यायला थांबलेली असते आणि आपला पुढचा प्रश्न तिच्या वाक्यावर जाऊन आदळतो. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मी मनात तीन आकडे मोजते. पण गप्प बसण्याचीही इथे पंचाईत. समोरच्याला वाटतं, कॉल अडकला. 'हॅलो, ऐकू येतंय ना?' असं विचारलं गेलं की मनात जुळत आलेलं काहीतरी निसटतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते, 'मी मध्ये गप्प राहिले तर कॉल तुटला समजू नका, मी ऐकतेय. तुम्ही सावकाश आठवा.' या एका वाक्याचा जितका उपयोग झाला तितका महागड्या माइकचाही झाला नाही.

आदल्या दिवशी दहा मिनिटांचा एक कॉलही करते. निमित्त असतं माइक तपासण्याचं. खरं म्हणजे मी कोण, मला हे का जाणून घ्यायचंय, हे त्यात रेकॉर्डिंगविना बोलून होतं. माहितीपत्रक मी त्याआधीच पाठवलेलं असतं, त्यातल्या शंकाही तेव्हाच निघतात.

आणि आता संमती. रेकॉर्डिंग सुरू झालं की पडद्यावर तशी सूचना येते आणि लोक तिच्यावर सवयीने टिचकी मारतात. ती संमती मानायला मी तयार नाही. आपलं बोलणं कोण ऐकणार, ते किती काळ ठेवणार, मधूनच माघार घेता येईल का, यातलं काहीही ती सूचना सांगत नाही. माझी पद्धत अशी. रेकॉर्डिंगआधी तोंडी परवानगी घ्यायची. मग बटण दाबून तारीख सांगायची आणि एकेक मुद्दा वाचायचा. रेकॉर्डिंगला हरकत नाही ना, नाव न देता वाक्यं उद्धृत केलेली चालतील का, आणि कुठल्याही प्रश्नाला नकार देता येतो हे लक्षात आलंय ना. प्रत्येकाचं वेगळं उत्तर घ्यायचं. सगळ्यांना मिळून एकच 'हो' नको. लोक उद्धृताच्या मुद्द्यावर खरंच थबकतात, आणि कधी 'ते आधी मला दाखवा' म्हणतात.

त्यानंतर रेकॉर्डिंग पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करायचं. 'पॉज' करून चालत नाही, कारण पुढचं सगळं त्याच फाइलला जोडलं जातं. थांबवून नव्याने सुरू केलं की दुसरी फाइल होते. संमतीच्या फाइलमध्ये नाव असतं, मुलाखतीच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक. दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवता येतात आणि शब्दांकन करणाऱ्याच्या हाती नाव पडत नाही. मात्र दुसरी फाइल सुरू करण्याआधी पडद्यावरचं नावही बदलून `P07` असं करावं, नाहीतर ते चित्रात उमटतं. मी शेवटी फक्त आवाजाची फाइल ठेवते. मीटिंग संपल्यावर फाइल तयार व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर लॅपटॉप मिटू नये.

ही पद्धत कामी आली तो एक प्रसंग सांगते. एक ताई सासूबाईंच्या आजारपणाबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या. अचानक उत्तरं 'हो', 'ठीक आहे' इतकी आखडली आणि नजर कॅमेऱ्याच्या वरून पलीकडे जाऊ लागली. खोलीत कोणीतरी आलं होतं. असं झालं तर काय करायचं हे आदल्या दिवशी ठरलं होतं. त्यांनी 'चार्जर आणते' म्हणायचं आणि मी विषय बदलायचा. त्या तसं म्हणाल्या. मी औषधांच्या वेळांबद्दल विचारत राहिले. माणूस गेल्यावर रेकॉर्डिंग थांबवलं आणि संमती पुन्हा विचारली: पुढे बोलायचं का, आणि आधीचं ठेवायचं का? त्यांनी नवऱ्याबद्दलची काही वाक्यं काढायला सांगितली. मी मिनिट-सेकंद लिहून घेतले, त्याच संध्याकाळी तेवढा भाग कापला, मूळ फाइल पुसली आणि तसं त्यांना कळवलं. उरलेली मुलाखत आठवड्याने झाली, कॅमेरा बंद ठेवून, त्या गच्चीत असताना.

जिथे घरात एकांत मिळणारच नाही, तिथे मी आता व्हिडिओचा आग्रह धरत नाही. साध्या फोनवर माणूस चालत चालत बोलू शकतो, आणि पलीकडून आलेला प्रश्न फक्त त्याच्याच कानात पडतो. रेकॉर्डिंग बंद केल्यावरही मी लगेच कॉल कापत नाही. 'आता बंद आहे' हे ऐकल्यावर कित्येकदा सगळ्यात महत्त्वाचं तेव्हाच निघतं. ते वहीत टिपून घेण्याआधी मात्र पुन्हा विचारावं लागतं, कारण आधीची संमती रेकॉर्डिंगपुरती होती.