काजूचं बिल आधीच वटवून घेण्याचे चौदा महिने

कुडाळजवळ आमचा काजू सोलण्याचा छोटा कारखाना आहे. बी बाजारात येते ती मार्च ते मे, आणि वर्षभर पुरेल एवढी बी त्याच तीन महिन्यांत घेऊन वाळवून ठेवावी लागते. दोडामार्गहून पोती घेऊन आलेला शेतकरी वजन झालं की म्हणतो, "वयनी, पैशे आजच व्हये." गर मात्र आम्ही एका मोठ्या बिस्किट कंपनीला देतो आणि तिचे पैसे 60 दिवसांनी येतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे, पण एवढं मोठं गिऱ्हाईक एकच असताना त्याच्यापुढे कायदा ठेवायची आमची हिंमत झाली नाही.

म्हणून गेल्या हंगामात एका फायनान्स कंपनीकडून बिल डिस्काउंटिंग, म्हणजे बिलाचे पैसे व्याज देऊन मुदतीआधीच घेणं, सुरू केलं. दर सांगितला वर्षाला 18 टक्के. पहिलं बिल 10 लाखांचं होतं. त्यातले 8 लाख तिसऱ्या दिवशी खात्यात आले, 2 लाख त्यांनी मार्जिन म्हणून गिऱ्हाइकाचे पैसे येईपर्यंत ठेवून घेतले. 8 लाखांवर 60 दिवसांचं व्याज झालं 23,671 रुपये. शिवाय प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, तीही पूर्ण 10 लाखांवर, म्हणजे 5,000, आणि तिच्यावर 900 जीएसटी. सगळं मिळून 29,571. हातात आलेल्या 8 लाखांवर हिशोब मांडला तर तो वर्षाला साडेबावीस टक्के पडतो. हे मी बिल सुटल्यावर मांडलं, सही करण्याआधी मांडायला हवं होतं. त्या मालावर आमचा सगळा नफा साधारण 70 हजार होता.

तरी हंगामात बी हातातून गेली नाही, म्हणून मला ते परवडलं असंच वाटत होतं. जुलैच्या मालाने मात्र सगळं बिघडलं. भर पावसात गेलेल्या मालातल्या काही व्हॅक्यूम पिशव्यांत हवा शिरली होती. परत आलेली एक मी स्वतः दाबून पाहिली: विटेसारखी घट्ट असायला हवी ती उशीसारखी दबत होती, आणि आतला गर दाताखाली कुरकुरत नव्हता. ओलावा 5 टक्क्यांच्या वर गेला होता. खराब माल दीड लाखांच्या आसपासचा होता, पण वाद मिटेपर्यंत बिस्किट कंपनीने पूर्ण बिलच अडवलं.

फायनान्स कंपनीशी आमचा करार 'विथ रिकोर्स' होता. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर दिलेली रक्कम आमच्याकडून परत घ्यायची, असा त्याचा अर्थ. मुदत उलटून 30 दिवस झाले आणि त्यांनी सुरुवातीला घेतलेला आमचा सहीचा चेक बँकेत टाकला. आमचे पैसे तोवर गोदामात बीच्या रूपात पडून होते. दिरांनी ठेव मोडून दिली म्हणून चेक परत गेला नाही. बिल विकलं म्हणजे गिऱ्हाइकाची जोखीमही विकली असं मी धरून चालले होते, प्रत्यक्षात आम्ही फक्त कर्ज काढलं होतं.

ऑक्टोबरपासून बिस्किट कंपनीची बिलं आम्ही ट्रेड्सवर टाकतो. ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ऑनलाइन व्यवस्था आहे, आणि 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं बंधनकारक आहे. आम्हाला उद्यम नोंदणी लागली. आपण बिल चढवायचं, गिऱ्हाइकाने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात. बोली गिऱ्हाइकाची पत बघून लागते, आमची नव्हे. त्यामुळे आम्हाला साडेनऊ टक्के मिळाले. इथे रिकोर्स नाही: मुदतीच्या दिवशी पैसे थेट कंपनीच्या खात्यातून वळते होतात. एकदा बिल मान्य केलं की मालाची तक्रार दाखवून कंपनीला बँकेचे पैसे अडवता येत नाहीत. ती तक्रार आमच्यात वेगळी सोडवायची.

अडचण आहे ती 'मान्य' या एका बटणाची. पहिल्या बिलाला 12 दिवस लागले, कारण त्यांच्या गोदामाने माल पोचल्याची नोंदच केली नव्हती. उरलेल्या 48 दिवसांचं व्याज साडेबारा हजार आणि फी हजारभर वजा होऊन 9,86,500 रुपये मिळाले. आता गाडी पोचली की त्याच दिवशी मी गोदामात फोन करते आणि नोंदीचा नंबर घेते. तेव्हापासून चार-पाच दिवसांत काम होतं.

कोल्हापूरच्या मिठाईवाल्यांची बिलं ट्रेड्सवर चढत नाहीत, त्यांच्यासाठी जुनी फायनान्स कंपनी अजून आहे. पण पावसाळ्यात गेलेल्या मालाचं बिल मी तिच्याकडे देत नाही, आणि बाकीचंही माल उघडून तपासल्याची चिठ्ठी गिऱ्हाइकाकडून आल्यावरच देते. त्यात आठवडा जातो, पण तेवढा आठवडा मी शेतकऱ्यांसाठी वेगळी रोकड ठेवून काढते.