सातवीसाठी घेतलेली प्लास्टिकची मोजपात्रं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या शाळेत आकारमान शिकवायला काचेची मोजपात्रं होती, पण त्यांत दगड टाकायचा म्हटलं की माझा जीव वर-खाली व्हायचा, कारण दगड सुटला की तळ गेलाच. म्हणून 100 मिलीची काही आणि 250 मिलीची दोन अशी पॉलिप्रॉपिलिनची मोजपात्रं मागवली. दगड पडून अजून एकही फुटलेलं नाही. तरी दगड दोऱ्याला बांधून, नळी तिरकी धरून सोडायची सवय मी मुलांना लावली आहे. वरून टाकला की पाणी उडतं आणि वाचन बिघडतं.

काचेत पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला दिसतो, म्हणून मधल्या खोलगट भागाशी वाचायला शिकवतो. या प्लास्टिकला पाणी फारसं चिकटत नाही, पृष्ठभाग जवळजवळ सपाटच राहतो. वाचायला ते सोपं आहे, पण सहामाहीला काचेची नळी दिली तेव्हा काहींनी कडेचा आकडा लिहिला. काचेचं एक पात्र टेबलावर ठेवाच. शिवाय प्लास्टिक धुरकट असतं. पाण्यात थोडी निळी शाई घातली की पातळी स्पष्ट दिसते. पोटॅशियम परमँगनेट मात्र नको, तपकिरी डाग बसतात. छापलेल्या रेघा घासून पुसट होत चालल्यात, ज्या पात्रांवर रेघा उठावाच्या आहेत ती जशीच्या तशी आहेत. पुन्हा घेईन तर तीच.

पात्रांपेक्षा दगड निवडायलाच जास्त डोकं लागतं. 100 मिलीच्या नळीवर एकेका मिलीच्या रेघा असतात. प्रत्येक वाचनात अर्धा मिली इकडे-तिकडे होतोच, आणि आकारमान काढायला दोन वाचनं लागतात. दगड 3 मिलीचा असेल तर एका मिलीची चूक म्हणजे तिसरा हिस्सा गेला. त्यामुळे खडीतला चुरा बाजूला काढून नळीत जेमतेम मावतील असे लांबट काळे दगड निवडले. त्यातला एक 55 ग्रॅमचा. पाणी 60 वरून 79 वर गेलं, म्हणजे आकारमान 19 घन सेंमी आणि घनता सुमारे 2.9. आपल्या काळ्या कातळाला शोभेल असाच आकडा.

तोच दगड 250 मिलीच्या पात्रात 120 मिली पाण्यात सोडला, की वर्ग दोन तट पडून भांडतो. पहिल्या नळीत पाणी तीनेक सेंटिमीटर चढलेलं, इथे दोनसुद्धा नाही. 'मॅडम, दगड लहान झाला?' असं कुणीतरी विचारतंच. मग पातळी 138 आणि 140 च्या रेघांच्या मधोमध आहे हे मुलं स्वतः वाचतात. उंची बदलली, फरक 19 च राहिला. या पात्रावर रेघा दोन-दोन मिलीच्या आहेत, तेवढं आधी सांगावं लागतं. एरवी एक रेघ म्हणजे एक मिली धरून सगळा गोंधळ होतो.

दुसरा हट्टी समज म्हणजे जड वस्तू जास्त पाणी सारते. त्यासाठी गॅरेजमधून 16 मिलीमीटरचे बेअरिंगचे छर्रे आणले आणि तेवढ्याच काचेच्या गोट्या घेतल्या. दोन्ही दहा-दहा. गोट्या 54 ग्रॅम भरल्या, छर्रे जवळजवळ 168. नळीत सोडण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, ही अट मी सोडत नाही, नाहीतर 'मला माहीत होतं' म्हणणारे नंतर बरेच निघतात. दोन्ही वेळा पाणी 60 वरून 81 च्या आसपास थांबतं.

सगळ्यात रंगतो तो जांभा. कोकणातल्या मामाकडून एकाने तुकडा आणला होता. पाण्यात सोडताच बुडबुडे निघू लागले आणि चढलेली पातळी हळूहळू खाली यायला लागली. पाणी छिद्रांत शिरत होतं. मग त्याचं आकारमान नेमकं कुठलं? सुरुवातीचं वाचन छिद्रांसकट, बऱ्याच वेळाने घेतलेलं बरंचसं छिद्रं वगळून, आणि दोन्हीच्या मधलं काहीच धड नाही. बाहेरून दिसतं तेवढं आकारमान हवं असेल तर तुकडा रात्रभर भिजवून, वरचं पाणी फडक्याने टिपून मग मोजायचा. नेहमीच्या काळ्या दगडालाही कधी कधी भोकं असतात. बुडबुडे दिसले की तो दगड पहिल्या तासिकेतून बाद.

खडीसाखर कशी मोजायची, हा प्रश्नही दरवर्षी येतो. पाण्यात ती विरघळते, म्हणून गोडं तेल वापरते. पण तेलाचा थर या प्लास्टिकवरून साबणानेही पुरता जात नाही, तेव्हा रेघा पुसट झालेलं एक पात्र त्याच कामाला वेगळं ठेवलंय. पुसट रेघा मार्करने गिरवून चालतात.