रोजची खर्चवही की तिमाहीची बेरीज?

घरात दर महिन्याला नक्की किती पैसे शिल्लक पडतात हे शोधायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक खर्च शीटमध्ये टिपायचा आणि उत्पन्नातून वजा करायचा. दुसरा म्हणजे खर्चाच्या वाटेला न जाता दर तिमाहीच्या अखेरीस, म्हणजे 31 मार्च, 30 जून, 30 सप्टेंबर आणि 31 डिसेंबरला, सगळ्या खात्यांतली शिल्लक आणि सगळी देणी लिहायची आणि मागच्या तिमाहीपेक्षा फरक किती पडला ते बघायचं. पगारदार घरासाठी माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. पहिला कुठे लागतो तेही पुढे येईल.

खर्चवहीची अडचण आळस ही नाही, गळती ही आहे. भाजीचे 40 रुपये यूपीआयने जातात, एटीएममधून काढलेले 3,000 कुठे गेले ते आठवत नाही, आणि महिनाअखेरीला ‘किरकोळ’ नावाची ओळ सगळ्यांत जाड होते. वहीप्रमाणे 30,000 उरायला हवेत आणि बँकेत 19,000 दिसतात, तेव्हा बँकच खरी असते. तिमाहीच्या पद्धतीत सुरुवातच बँकेपासून होते, त्यामुळे विसरायला जागा राहत नाही. ती पद्धत पैसा गेला हे सांगते, कशावर गेला हे मात्र सांगत नाही.

पुण्यातलं एक कल्पित घर घेऊ. मिळवती व्यक्ती एकच, हातात येणारा पगार 1,10,000, मूळ वेतन 50,000. त्यामुळे ईपीएफमध्ये कर्मचाऱ्याचे 6,000 जातात. कंपनीच्या 6,000 मधले 1,250 पेन्शन योजनेकडे वळतात आणि 4,750 ईपीएफमध्ये येतात. म्हणजे महिन्याला 10,750, तिमाहीला 32,250. दरमहा 25,000 ची एसआयपी आहे आणि एप्रिलमध्ये पीपीएफमध्ये 30,000 भरले.

| | 31 मार्च | 30 जून |
|---|---|---|
| बचत खातं | 1,40,000 | 1,15,000 |
| एफडी (मुद्दल) | 3,00,000 | 3,00,000 |
| ईपीएफ | 6,20,000 | 6,52,250 |
| पीपीएफ | 4,10,000 | 4,40,000 |
| म्युच्युअल फंड | 9,30,000 | 10,60,000 |
| कारचं कर्ज | 2,40,000 | 2,10,000 |
| क्रेडिट कार्डाची बाकी | 0 | 18,000 |
| निव्वळ मालमत्ता | 21,60,000 | 23,39,250 |

वाढ 1,79,250. तिमाहीचं उत्पन्न 3,30,000 पगार अधिक 32,250 ईपीएफ, म्हणजे 3,62,250. एकाला दुसऱ्याने भागलं की 49 टक्क्यांवर बचत दिसते आणि माणूस खूश होतो. पण फंडात एसआयपीचे फक्त 75,000 गेले आणि मूल्य मात्र 1,30,000 नी वाढलं. वरचे 55,000 बाजाराने दिले. ते काढले की खरी बचत 1,24,250 आणि दर 34 टक्के. याच तिमाहीत बाजार 55,000 नी पडला असता, तर न काढता केलेला हिशोब 19 टक्के दाखवून गेला असता. घरातली वागणूक दोन्हीकडे तीच, म्हणून बाजाराची ओळ वेगळी ठेवायलाच हवी.

उलटी चूकही तितकीच होते. ‘एसआयपी 75,000, पीपीएफ 30,000, म्हणजे पगारातून 1,05,000 वाचवले’ असं बरेच जण सांगतात. पण बँकेतली शिल्लक 25,000 नी घटली आणि कार्डावर 18,000 चढले, ते या वाक्यात येतच नाही. ते धरले की 62,000 उरतात. कारच्या कर्जाचं फेडलेलं मुद्दल 30,000 मिळवलं की 92,000, म्हणजे हातात आलेल्या पगाराच्या 28 टक्के. ईपीएफ धरून 34, न धरता 28; यातला कोणताही आकडा चालेल, पण अंशात ईपीएफ घेतला तर छेदातही घ्या आणि दर तिमाहीला तीच रीत पाळा.

शीटमध्ये मालमत्ता ओळ 2 ते 6 मध्ये (फंड सहाव्या ओळीत), देणी 7 आणि 8 मध्ये, दहावीत फंडात स्वतः घातलेली रक्कम आणि अकरावीत उत्पन्न लिहिलं की सूत्रं तीनच लागतात. ती C9, C12 आणि C13 मध्ये अनुक्रमे अशी. पहिलं सूत्र B9 मध्येही त्या स्तंभासाठी टाका:

```
=SUM(C2:C6)-SUM(C7:C8)
=C6-B6-C10
=(C9-B9-C12)/C11
```

फंडातून पैसे काढले असतील तर C10 मधून तेवढे वजा करा. ईपीएफ आणि पीपीएफचं वर्षाचं व्याज जमा होतं त्या तिमाहीत तेही बाजाराच्या वाढीसारखं बाजूला काढा, नाहीतर तिथे बचत उगाच फुगते. कार्डाचं बिल यायचं असेल तरी वापरलेली रक्कम देण्यात धरायची. एलआयसीची पॉलिसी लिहायचीच असेल तर आज मोडल्यास मिळेल ती रक्कम लिहा, विमा रक्कम नको.

घराचा प्रश्न वेगळा आहे, कारण इथे दोन गट पडतात. फ्लॅट धरला तर निव्वळ मालमत्ता मोठी दिसते, पण शेजारच्या विंगमध्ये कुणी कितीला विकला यावर दर तिमाहीला आकडा हलवण्यात अर्थ नाही. फ्लॅट वगळला तर गृहकर्जही वगळावं लागतं. कर्ज ठेवून घर काढलं की शीट विनाकारण उणे होते. मी वगळलेलं बरं मानतो. धरणाऱ्यांनी खरेदीची किंमत तशीच ठेवावी. कोणत्याही रीतीत पूर्ण हप्त्याला बचत म्हणू नये. 50 लाखांचं कर्ज 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी असेल तर हप्ता साधारण 43,400 येतो, आणि पहिल्या महिन्यात त्यातले 35,400 व्याजातच जातात. मुद्दल फक्त 8,000.

दर तिमाहीला बघायचे आकडे तीन. पहिला बचतीचा दर, पण एका तिमाहीचा नव्हे तर मागच्या चार तिमाहींच्या बचतीची बेरीज भागिले त्यांच्या उत्पन्नाची बेरीज. जूनमध्ये शाळेची फी, पुढे दिवाळी, कधी विम्याचा वार्षिक हप्ता, मध्येच बोनस. सुटी तिमाही काहीही दाखवते. दुसरा, कामावर नसताना घर किती महिने चालेल. वरच्या घरात पगारातून 92,000 वाचले, म्हणजे खर्च 2,38,000, महिन्याला सुमारे 79,300. त्यात कर्जाच्या मुद्दलाचे 10,000 मिळवा. बँक आणि एफडीतून कार्डाची बाकी वजा केली की 3,97,000. साडेचार महिन्यांच्या जरा आतच. तिसरा, कर्ज आणि कार्ड मिळून एकूण देणं घटतंय की नाही. इथे कारचं कर्ज 30,000 नी उतरलं, पण कार्ड 18,000 नी चढलं, म्हणजे खरी घट 12,000 ची. फंडाचा परतावा या यादीत मी मुद्दाम घेतलेला नाही. तिमाहीच्या परताव्यावर करण्यासारखं काहीच नसतं.

खर्चवही कुणी धरावी? ज्याचं दुकान रोखीवर चालतं आणि गल्ल्यातून घरखर्च होतो त्याने रोजच. त्याच्याकडे शिल्लक जुळवून काही कळत नाही, कारण धंद्याचा आणि घरचा पैसा एकाच डब्यात असतो. पगारदाराने मात्र चार तिमाहींचा दर घसरताना दिसला आणि कारण सापडलं नाही, तरच एक तिमाही वही ठेवावी, तीही 15–20 नव्हे तर पाच-सहा रकान्यांची. एक सावधगिरी: त्या तिमाहीत सोनं घेतलं असेल आणि शीटमध्ये सोन्याची ओळ नसेल, तर वही धरण्याआधी ती ओळ घालून बघा. पुष्कळदा ‘घसरलेली’ बचत तिथेच निघते.